सांगितलं एकाला, कळलं सगळ्यांना

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला होता आणि निवृत्ती अगदी तोंडावर आली होती. फेब्रुवारी 2010 मध्ये एका रात्री कॅमेरा घेतलेली माणसं विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबतच्या त्यांच्या खासगी क्षणांचं चित्रण केलं. विद्यापीठाने कारवाई केली ती घुसखोरांवर नव्हे, सिरसांवर. गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांना निलंबित केलं, घर सोडायला सांगितलं. सज्ञान व्यक्तींनी संमतीने खासगीत ठेवलेले संबंध गुन्हा ठरत नाहीत, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने त्याआधी सात महिने, 2 जुलै 2009 रोजी दिला होता. सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि 1 एप्रिल 2010 रोजी निलंबनाला स्थगिती मिळाली. त्यानंतर आठवडाभरातच अलीगढमधल्या भाड्याच्या घरात ते मृतावस्थेत सापडले. पुढे 2016 मध्ये हंसल मेहतांनी त्यांच्यावर ‘अलीगढ’ हा चित्रपट काढला, म्हणून हे प्रकरण आज निदान काहींना आठवतं.

सहकाऱ्याच्या कमिंग आउटबद्दलच्या लिखाणाची सुरुवात सिरसांपासून करणं कुणाला विचित्र वाटेल, कारण सिरसांनी स्वतःहून कुणाला काही सांगितलंच नव्हतं. पण नेमका तोच फरक इथे महत्त्वाचा आहे. आपण समलिंगी आहोत किंवा ट्रान्स आहोत हे माणूस आपणहून सांगतो, तेव्हा कुणाला, कधी आणि किती सांगायचं हे तो ठरवतो. दुसऱ्या कुणी ते उघड केलं की हे तिन्ही निर्णय त्याच्या हातून जातात. माहिती तीच असते, पण पहिल्या प्रसंगी माणूस मोकळा होतो आणि दुसऱ्या प्रसंगी उघडा पडतो. खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे असं सांगणाऱ्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी लैंगिक कलाचाही उल्लेख केला आणि तो खासगीपणाचा अविभाज्य भाग मानला. 6 सप्टेंबर 2018 च्या नवतेज जोहर निकालाने कलम 377 ची टांगती तलवारही काढली. ऑफिसात मात्र हा हक्क कोर्ट राखत नाही. तो शेजारच्या टेबलावरचा माणूस राखतो किंवा घालवतो. सहकाऱ्याने आदराने कसं वागावं, याच्या बहुतेक उत्तरांचं मूळ एकाच गोष्टीत आहे: ही माहिती ज्याची आहे, तिचा ताबा त्याच्याकडेच राहू द्यायचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘घरातलं घरात ठेवावं, ऑफिसात हे सांगायची गरजच काय?’ वरवर हा आक्षेप सगळ्यांना सारखाच लागू वाटतो, पण तो सगळ्यांना लावला जात नाही. नाशिकच्या कुठल्याही कार्यालयातला एक साधा आठवडा पाहा. कुणी लग्नाची पत्रिका वाटतं, कुणी बायकोची सोनोग्राफी आहे म्हणून हाफ डे मागतं, कुणाच्या घरी सत्यनारायण असतो, कुणी साखरपुड्याचे पेढे आणतं. मेडिक्लेमच्या फॉर्मवर जोडीदाराचं नाव भरायचं असतं. आपण कुणाबरोबर संसार करतो हे सगळे दिवसभर सांगतच असतात. ते सर्वांच्या अंगवळणी पडलेलं असल्यामुळे त्याला कुणी ‘सांगणं’ म्हणत नाही, एवढंच. यात गप्प बसणाऱ्याला नुसतं गप्प बसून भागत नाही. त्याला ‘रविवारी काय केलंस?’ याचंही उत्तर जुळवावं लागतं, आणि मागच्या खेपेला काय जुळवलं होतं ते लक्षात ठेवावं लागतं. बेल रोझ रॅगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली अमेरिकेतल्या समलिंगी कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उघड झालं तर वाईट परिणाम होतील अशी भीती ज्यांना जास्त, त्यांच्यात मानसिक ताण जास्त आणि कामाबद्दलचं समाधान कमी आढळलं. जिथे सहकारी पाठीशी आहेत असं वाटत होतं, तिथे ही भीती कमी होती. अभ्यास अमेरिकेतला आहे, नाशिकचा नाही, हे ध्यानात घेऊनही त्यातली एक गोष्ट इकडे आणता येते: ही भीती काही अंशी सहकाऱ्यांच्या हातात असते.

आता प्रत्यक्ष क्षणाकडे येऊ. समजा, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत दोघे जण चार-पाच वर्षं एकाच विभागात काम करताहेत. दुपारच्या चहाला टपरीवर दोघेच आहेत. ‘यंदा तरी लाडू देणार का?’ असं एकाने सहज विचारलं आणि दुसरा म्हणाला, ‘मी मुलीशी लग्न करणार नाही. मी गे आहे.’ इथे ऐकणाऱ्याच्या तोंडून सहसा तीनपैकी एक काहीतरी निघतं: विनोद, धक्का किंवा प्रश्नांची सरबत्ती. चौथी तऱ्हा वरकरणी चांगली, पण तीही फसवी. ‘मला काही फरक पडत नाही’ असं म्हणून विषय झटकून टाकायचा. सांगणाऱ्याने बहुधा महिनोन् महिने विचार करून तोंड उघडलेलं असतं. त्याला ते झटकणं म्हणजे दार लावून घेणं वाटू शकतं. त्यापेक्षा ‘मला सांगितलंस, बरं केलंस’ एवढं पुरतं. त्यानंतर एकच प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि तो विचारायलाच हवा: ‘हे आपल्या इथे आणखी कुणाला माहीत आहे का? मी कुणासमोर सांभाळून बोलू?’ या प्रश्नातून ऐकणाऱ्याला आपली जबाबदारी कळते आणि सांगणाऱ्याला कळतं की माहितीचा ताबा अजून आपल्याकडेच आहे. मग चहा संपवावा आणि अर्धवट राहिलेलं ड्रॉइंगचं काम पुढे न्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीसारखीच हाक मारावी. अनेक जण पहिल्या क्षणी नीट वागतात आणि मग आठवडाभर अवघडून लांब बसतात. सांगणाऱ्याला निकाल कळतो तो या दुसऱ्या दिवशी.

हा एक प्रश्न मी इतका महत्त्वाचा का मानतो, ते नाशिकसारख्या शहरात लवकर समजतं. सातपूर, अंबड, सिन्नर, ओझर इथल्या कारखान्यांत आणि कार्यालयांत काम करणारी माणसं एकमेकांपासून फार दूर नसतात. एकाचा मेहुणा दुसऱ्याच्या शॉपमध्ये असतो, कंपनीच्या बसमध्ये गावचाच कुणी शेजारी बसलेला असतो, घरमालकाचा मुलगा त्याच वसाहतीत नोकरीला असतो. मुंबईत ऑफिसातली बातमी बहुधा ऑफिसातच जिरते. इथे दुपारी कॅन्टीनमध्ये निघालेला विषय संध्याकाळपर्यंत निफाडला किंवा दिंडोरीला पोचू शकतो, आणि तिथे आईवडील त्या मुलासाठी स्थळं पाहत असतात. मग लग्नासाठी घाई होते, भाड्याची खोली जाते, एखादी मुलगी असेल तर नोकरी सोडवून तिला घरी बसवलं जातं. सांगणाऱ्याने हा हिशेब आधी मांडलेला असतो, ऐकणाऱ्याने मांडलेला नसतो. म्हणून ‘मी फक्त बायकोला सांगितलं’ किंवा ‘चांगल्याच हेतूने साहेबांच्या कानावर घातलं’ ही वाक्यं निरुपद्रवी नसतात. एचआरला कळवणं हीसुद्धा सहकाऱ्याची जबाबदारी नव्हे. एचआरला काय आणि कधी सांगायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता टाळायच्या प्रश्नांकडे. त्यांची यादी पाठ करण्याची गरज नाही, प्रश्न मनात येताच दोन कसोट्या लावल्या की पुरे. हाच प्रश्न मी लग्न झालेल्या सहकाऱ्याला विचारला असता का? आणि याच्या उत्तराने आमच्या कामात किंवा मैत्रीत मला काही वेगळं करायचं आहे का? ‘तुमच्यात नवरा कोण आणि बायको कोण?’ हा प्रश्न पहिल्याच कसोटीला पडतो. विचारणाऱ्याला तो गमतीचा वाटतो, पण त्यात शय्यागृहाची चौकशी आहे. ज्या ऑफिसात नवविवाहित जोडप्याबद्दल तसं काही उघड विचारलं तर चार माणसं खाली मान घालतील, तिथे समलिंगी जोडप्याबद्दल ते बिनधास्त विचारलं जातं. ‘मग तो अमका पण तसलाच का?’ हा प्रश्न तिसऱ्याची माहिती दुसऱ्याकडून काढू पाहतो. ‘माझ्याबद्दल तसं काही नाही ना?’ हा स्वतःला नको तितकं महत्त्व देणारा. सगळ्यात फसवा प्रश्न म्हणजे ‘घरी माहीत आहे का?’ त्यात काळजी असते, नाही असं नाही. पण त्यामागोमाग बहुधा ‘आईवडिलांना काय वाटेल’ किंवा ‘एकुलता एक ना तू’ येतं आणि सांगणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. तो घरचं आपणहून बोलला तर ऐकावं. आपण ते उकरू नये.

‘नक्की ना? एखाद्या डॉक्टरला दाखवलंस का?’ या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण तो विचारणारा स्वतःला हितचिंतक समजतो. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळण्याचा निर्णय घेतला. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही 2018 मध्ये हा मानसिक आजार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2021 मधल्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये लैंगिक कल ‘बदलून देण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा ‘माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत’ असं म्हणणारा मित्र आपल्या सहकाऱ्याला, स्वतःच्याही नकळत, अशा माणसाकडे पाठवत असतो ज्याची तक्रार वैद्यक परिषदेकडे व्हायला हवी. सहकारी ताणाखाली आहे असं दिसलं, तर समुपदेशकाची माहिती देणं योग्यच. पण ती ताणासाठी, कल ‘दुरुस्त’ करण्यासाठी नव्हे.

यावर दुसरा आक्षेप येतो. विचारलंच नाही तर आम्हाला कळणार कसं? कुतूहल हा काही गुन्हा नाही. खरंच नाही. पण कुतूहल भागवण्याचं काम त्याच माणसाने का करावं? मराठीत वाचायला मिळतं. पुण्यात 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत बरंच लिहिलं आहे. पुस्तक वाचून जे समजतं ते टपरीवर विचारू नये. जे फक्त त्या माणसाबद्दलचं आहे, ते त्याने सांगितलं तरच आपलं. उरतात ते साधे प्रश्न, जे आपण कुणालाही विचारतो: कसा आहे तो, काय करतो, दिवाळीला कुठे जाणार? जोडीदाराचा विषय त्याने स्वतः काढला असेल, तर हे मोकळेपणाने विचारावेत. तेही टाळणं हा वेगळा बहिष्कारच.

ट्रान्स सहकाऱ्याच्या बाबतीत काही माहिती आस्थापनेला खरोखरच लागते, त्यामुळे रेघ कुठे ओढायची हा प्रश्न अवघड होतो. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांचं प्रकरण यासाठी उपयोगी आहे. ते महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. 2017 मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली. स्त्री आणि पुरुष शिपायांच्या भरतीचे शारीरिक निकष वेगळे असल्याने सेवेत कसं ठेवायचं, असा खात्यापुढचा पेच होता. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, तिथून त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगण्यात आलं. अखेर शासनाने परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पुरुष शिपाई म्हणून ते सेवेत राहिले. इथे खात्याला काय माहीत असणं आवश्यक होतं? रजेचा कालावधी, सेवापुस्तकातलं नाव आणि लिंग, गणवेश. ठाण्यात शेजारी उभं राहून ड्युटी करणाऱ्या शिपायाला काय माहीत असणं आवश्यक होतं? नाव काय आणि हाक कशी मारायची, बस्स. साळवे स्वतः पत्रकारांशी मोकळेपणाने बोलले. तो त्यांचा निर्णय होता. त्यांनी सांगितलं म्हणून इतर प्रत्येक ट्रान्स सहकाऱ्याने सांगावं, असं होत नाही. ‘ऑपरेशन झालं का?’, ‘खाली काय केलं?’ हे प्रश्न रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही लागत नाहीत, त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र पुरतं. अनेक ट्रान्स माणसं शस्त्रक्रिया करतही नाहीत.

हाक कशी मारायची हे मराठीत इंग्रजीपेक्षा अवघड आहे. आपल्याकडे लिंग क्रियापदालाच चिकटलेलं असतं. ‘आलास का?’ की ‘आलीस का?’, ‘काय करतोस?’ की ‘काय करतेस?’ असा निर्णय वाक्यावाक्याला घ्यावा लागतो, त्यामुळे चूकही वाक्यावाक्याला होऊ शकते. तोंडावर बोलताना एक सोपी वाट आहे: ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही करता’ यांत लिंग कळत नाही. सवय होईपर्यंत अहोजाहोने बोलता येतं. पण पाठीमागे बोलताना ‘ते आले’ की ‘त्या आल्या’ हे ठरवावंच लागतं, आणि खरी परीक्षा तिथेच असते. तेव्हा सुरुवातीलाच एकदा विचारून घ्यावं: ‘तुम्हाला सर म्हणू की मॅडम, दादा की ताई?’ जीभ घसरली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून पुढे बोलावं. पाच मिनिटं माफी मागत बसलं की समोरच्यालाच आपलं सांत्वन करावं लागतं. जुनं नाव विचारू नये, माहीत असेल तर उच्चारू नये. आधार आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरचं नाव जुळेपर्यंत पगार विभागाच्या कागदांत जुनं नाव राहतं, त्याला इलाज नाही. पण हजेरीच्या मशीनवर, ओळखपत्रावर आणि विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते राहण्याचं काही कारण नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या 129 ट्रान्स तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम आणि मित्र यांपैकी जितक्या जास्त ठिकाणी निवडलेलं नाव वापरलं जात होतं, तितकी नैराश्याची लक्षणं कमी आढळली. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण नाव नीट घ्यायला काहीही खर्च नाही, हेही तितकंच खरं.

शेवटचा आक्षेप श्रद्धेचा. ‘माझ्या धर्मात, माझ्या संस्कारात हे बसत नाही. मला हे मान्य करायला लावू नका.’ मनातलं मत बदलायला ऑफिस सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण शाकाहारी माणूस मांसाहारी सहकाऱ्याच्या शेजारी बसून काम करतोच, त्याला डबा बदलायला लावत नाही. मत आणि वागणूक वेगळी ठेवता येते, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. वागणुकीवर कायद्याची नजरही आहे, मात्र ती सगळीकडे सारखी नाही. 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो आणि आस्थापनांना तक्रार अधिकारी नेमायला सांगतो. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार लेस्बियन स्त्रीला, इतर कुठल्याही स्त्रीप्रमाणे, अश्लील शेरेबाजीविरुद्ध अंतर्गत समितीकडे जाता येतं. खासगी कंपनीतल्या गे पुरुषासाठी मात्र असा नेमका कायदा नाही. कंपनीचं धोरण असेल तर तेच, नसेल तर सहकारीच.

म्हणून शेवटी, ज्यांच्याकडे ही माहिती आहे आणि ज्यांच्याकडून ती आधीच फुटली आहे, त्या दोघांसाठी. कुणी येऊन ‘तो तसा आहे का रे?’ विचारलं, तर ‘त्यालाच विचार’ असं म्हणू नका. त्या उत्तराने होकार गेलेला असतो. ‘हा आपला विषय नाही’ म्हणा आणि तेच उत्तर प्रत्येकाबद्दल, नेहमी द्या, म्हणजे एकाच्या वेळी ते वेगळं दिसणार नाही. आणि तुम्ही कुणाला सांगून बसला असाल, तर ज्याची माहिती होती त्याच्याकडे आजच जा. कुणाला सांगितलं, नक्की काय सांगितलं आणि कधी, हे सगळं नावानिशी सांगा. घरच्यांचा फोन येण्याआधी त्याला तयारीला वेळ मिळायला हवा.